दहा वर्षं पूर्ण, पण नोव्हेंबरात: सेवाकाल एका वर्षाने जास्त धरला गेल्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत एक मध्यम आकाराची फाउंड्री आहे. पंपांची आणि गाड्यांच्या सुट्या भागांची कास्टिंग्ज तिथं ओतली जातात. कायम कामगार 64. बरेचसे खानापूर तालुक्यातले आणि शहराभोवतीच्या खेड्यांतले, काही जण चंदगडकडून हद्द ओलांडून रोज ये-जा करणारे. अशा काही कारखान्यांची पगारपत्रकं आणि कामगार कायद्याची कागदपत्रं तपासणं हे माझं काम आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून इथं नावं दिलेली नाहीत, रकमा आणि तारखाही थोड्या हलवल्या आहेत. गणित मात्र तेच आहे.

या कारखान्यात सेवा भत्ता मिळतो. पाच वर्षं पूर्ण झाली की महिना 300 रुपये, दहा झाली की 700, पंधरा झाली की 1,200 आणि वीस झाली की 1,800. कोणाचा टप्पा कधी बदलतो हे ठरवायला वर्षातून एकदा यादी निघते. यादी ऑफिसातल्या मॅडम एक्सेलमध्ये काढतात. नेमणुकीची तारीख C रकान्यात, यादीची तारीख वर H1 मध्ये, आणि सेवेची वर्षं या एका सूत्राने:

```
=YEAR($H$1)-YEAR(C2)
```

म्हणजे यंदाच्या सालातून नेमणुकीचं साल वजा. शीट मॅडमच्याही आधीच्या कारकुनाने केलेली होती आणि बरीच वर्षं तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

तक्रार का नव्हती, हेच या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. पूर्वी ही यादी 31 डिसेंबरला निघायची. त्या दिवशी प्रत्येकाची त्या सालातली नेमणुकीची तारीख येऊन गेलेली असते, मग माणूस फेब्रुवारीत लागलेला असो की नोव्हेंबरात. म्हणून 31 डिसेंबरला सालातून साल वजा केलं की उत्तर बरोबरच येतं. पुढे कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात नवा करार झाला. पगारवाढ, बोनस आणि भत्ता सगळं आर्थिक वर्षाला जोडायचं ठरलं आणि यादीची तारीख 1 एप्रिल झाली. पहिली नवी यादी 1 एप्रिल 2022 ची. मॅडमनी H1 मधली तारीख बदलली. सूत्र बदलायला हवं असं कोणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं, कारण करारातलं वाक्य तेच राहिलं होतं: ‘यादीच्या तारखेस पूर्ण झालेली वर्षे’.

काय लक्षात आलं

1 एप्रिल 2023 च्या यादीत मोल्डिंगमधल्या दोघांना एकदमच दहा वर्षांचा टप्पा मिळाला. एक जण 12 फेब्रुवारी 2013 ला लागलेला, दुसरा 18 नोव्हेंबर 2013 ला. मे महिन्यात मी हजेरीपट बघत ऑफिसात बसलो होतो, तेव्हा फेब्रुवारीवाला पगाराची पावती घेऊन आत आला. तक्रारीचा सूर नव्हता. त्याला फक्त कळून घ्यायचं होतं.

“मॅडम, आमचं दहा पुरं झालंय ते बरोबर हाय. पण तो माझ्यामागनं नऊ महिन्यांनी लागला की. त्याचं नोव्हेंबरात होतंय. मग त्याला आत्ताच कसं काय बसलं?”

मॅडमनी शीट उघडून दाखवली. दोघांच्याही ओळीत 10. त्यांचं म्हणणं रास्त होतं: “मी हाताने काही घातलेलं नाही, कॉम्प्युटरनेच काढलंय.” मी नोव्हेंबरवाल्याची वर्षं कागदावर मोजली. 18 नोव्हेंबर 2022 ला नऊ पूर्ण. 1 एप्रिल 2023 ला नऊ वर्षं आणि साडेचार महिने. शीट दहा म्हणत होती.

मग पूर्ण यादी चाळली. ज्यांची नेमणूक 1 एप्रिलनंतरच्या तारखेची, त्या प्रत्येकाच्या पुढे एक वर्ष जास्त लागलं होतं. अशा ओळी 41 निघाल्या. पण त्यातल्या बहुतेकांच्या पगारावर काही परिणाम नव्हता. खरी सात वर्षं झालेल्या माणसाला शीटने आठ दाखवली तरी भत्ता पाच वर्षांचाच राहतो. पैशाचा फरक फक्त टप्प्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांना पडला होता. 2023 च्या यादीत असे पाच जण होते, 2022 च्या यादीत चार. चूक दोन याद्यांत लपून राहिली ती यामुळेच: चुकीच्या ओळी चाळीसच्या वर, पण पगाराच्या पावतीवर ती मोजक्या लोकांनाच दिसणार, आणि ज्यांना दिसणार त्यांना पैसे जास्त मिळालेले.

दोन ठिकाणी सारखंच उत्तर

मालकांना हे सांगितल्यावर ते लगेच मानायला तयार नव्हते आणि त्याला कारण होतं. गेटवरच्या पंचिंग मशीनसोबत एक हजेरीचं सॉफ्टवेअर आलं होतं. त्यातही सेवाकालाचा अहवाल निघत होता. मालकांनी तो काढायला लावला. त्यातही नोव्हेंबरवाल्यापुढे 10. “दोन वेगवेगळ्या ठिकाणी एकच आकडा येतोय, तो चुकीचा कसा?” असा त्यांचा प्रश्न होता.

सॉफ्टवेअर बसवणाऱ्या मुलाकडून त्या अहवालामागची क्वेरी मागवली. सेवाकालाची ओळ अशी होती:

```
DATEDIFF(year, JoinDate, @AsOn)
```

SQL Server या डेटाबेसमधलं हे फंक्शन पूर्ण झालेली वर्षं मोजत नाही. दोन तारखांच्या मध्ये किती वेळा साल बदललं, एवढंच ते मोजतं. 31 डिसेंबर 2013 ला लागलेला माणूस 1 जानेवारी 2014 ला विचारलं तर ते 1 सांगतं, आणि त्याची नोकरी झालेली असते दोन दिवसांची. फंक्शन आपल्या व्याख्येप्रमाणे बरोबर चालतं, ती व्याख्या सेवाकालाला लागू पडत नाही. शीट आणि सॉफ्टवेअर दोघंही सालातून सालच वजा करत होती, म्हणून दोघांचं उत्तर जुळत होतं.

हे एक वर्ष–दोन दिवसांचं उदाहरण मालकांसमोर त्यांच्याच कॉम्प्युटरवर करून दाखवलं आणि तिथं वाद संपला. माझा अनुभव असा की अशा वेळी खऱ्या कामगाराची ओळ दाखवण्यापेक्षा टोकाची तारीख घालून दाखवावी. खऱ्या ओळीत माणूस मध्ये येतो आणि बोलणं त्याच्याकडे वळतं.

सूत्र कोणतं घ्यायचं

तीन पर्याय समोर होते. पहिला सुचला तो मालकांच्या मुलाला: दिवस मोजा आणि 365 ने भागा.

```
=INT(($H$1-C2)/365)
```

सालवजाबाकीपेक्षा हे बरं, पण टप्प्याच्या उंबरठ्यावर हेही घसरतं. 3 एप्रिल 2013 ला लागलेल्याचे 1 एप्रिल 2023 ला बरोबर 3,650 दिवस होतात, कारण मध्ये 2016 आणि 2020 या दोन लीप वर्षांचे दोन दिवस जास्तीचे येतात. 365 ने भागलं की नेमके 10. खरी दहा वर्षं मात्र दोन दिवसांनी व्हायची असतात. मग 365.25 घ्या, असं तो म्हणाला. तर 1 एप्रिल 2013 ला लागलेल्याचे 1 एप्रिल 2023 ला 3,652 दिवस होतात आणि 365.25 ने भागल्यावर 9.99 येऊन शीट 9 दाखवते. त्याची दहा पूर्ण झालेली असताना. वर्ष हे ठरावीक दिवसांचं माप नाही. ‘वर्ष पूर्ण झालं’ म्हणजे पुढच्या सालातली तीच तारीख आली.

दुसरा पर्याय एक्सेलमधलंच DATEDIF:

```
=DATEDIF(C2,$H$1,"Y")
```

हे पूर्ण झालेलीच वर्षं देतं. तिसरा पर्याय म्हणजे जुन्याच सूत्राला राहिलेला प्रश्न विचारायला लावणं: यंदाची नेमणुकीची तारीख अजून यायची आहे का? यायची असेल तर एक वजा.

```
=YEAR($H$1)-YEAR(C2)-(DATE(YEAR($H$1),MONTH(C2),DAY(C2))>$H$1)
```

कंसातली तुलना खरी ठरली तर एक्सेल ती 1 धरतं, खोटी ठरली तर 0. DATEDIF आणि हे सूत्र, दोन्हींची उत्तरं सारखी येतात. आम्ही तिसरं घेतलं. DATEDIF लिहिताना एक्सेल नाव सुचवत नाही, आणि शीट पुढे ज्या कारकुनाच्या हातात जाईल त्याला ‘Y’ चा अर्थ शोधत बसावं लागेल. तिसऱ्या सूत्रात वजा होणारं एक वर्ष डोळ्यांना दिसतं. मॅडमना एकदा समजावल्यावर त्यांनी ते स्वतः मोल्डिंगवाल्या दोघांना समजावून सांगितलं. माझ्या दृष्टीने सूत्र निवडायची ही चांगली कसोटी आहे.

29 फेब्रुवारीला लागलेला कामगार कारखान्यात कोणी नव्हता, तरी ते पाहून ठेवलं. साध्या वर्षात DATE(2023,2,29) लिहिलं की एक्सेल 1 मार्च समजतं, म्हणजे अशा माणसाचं वर्ष 1 मार्चला पूर्ण होईल. संघटनेला हे सांगून करारात एक ओळ घालून घेतली.

ग्रॅच्युइटीत चूक दोन्ही बाजूंना

भत्त्याच्या यादीवर सगळं थांबलं असतं तर प्रकरण छोटं होतं. पण ग्रॅच्युइटीच्या हिशेबाची शीट वर्षं याच सूत्राने काढत होती. फक्त H1 ऐवजी कामाचा शेवटचा दिवस.

तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा हिशेब असा होता: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम, तिला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं, आणि मग सेवेच्या वर्षांनी गुणायचं. वर्षं मोजताना शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून जास्त असेल तर तो पूर्ण वर्ष धरायचा, नसेल तर सोडून द्यायचा. म्हणजे इथं ‘पूर्ण झालेली वर्षं’ हे सूत्रही तसंच्या तसं चालत नाही.

आणि सालवजाबाकी इथं चांगलाच गोंधळ घालते. यंदाची तारीख अजून आलेली नसली तर ती एक वर्ष जास्त देते. पण मागच्या तारखेपासून सहा महिन्यांहून जास्त काळ गेला असेल तर कायदाही ते वर्ष देतो. म्हणून चुकीच्या सूत्रातून बरोबर उत्तर निघतं आणि तपासणाऱ्याला खात्री वाटू लागते. जुन्या ग्रॅच्युइटीच्या फाइली काढल्या तेव्हा बहुतेक आकडे बरोबर निघाले ते याच कारणाने. दोन मात्र चुकले होते, दोन विरुद्ध दिशांना.

एक स्टोअरमधला माणूस. 3 डिसेंबर 2008 ला लागला, 31 मार्च 2023 ला निवृत्त. खरी सेवा 14 वर्षं आणि चार महिन्यांना काही दिवस कमी. तुकडा सहा महिन्यांच्या आतला, म्हणजे 14 वर्षं. शीटने 2023 मधून 2008 वजा करून 15 दिली. पगार 16,900 होता, एका दिवसाचे 650, म्हणून 9,750 रुपये जास्त गेले.

दुसरा फेटलिंगमधला, म्हणजे ओतलेली कास्टिंग्ज घासून साफ करणाऱ्या खात्यातला. 10 फेब्रुवारी 2008 ला लागला, 31 ऑक्टोबर 2022 ला निवृत्त. खरी सेवा 14 वर्षं आठ महिने, म्हणजे कायद्याने 15. शीटने 14 दिली. पगार 18,200, दिवसाचे 700. मिळायला हवे होते 1,57,500, मिळाले 1,47,000. त्याचे 10,500 रुपये कारखान्याकडे राहून गेले होते आणि त्याला ते माहीतही नव्हतं. निवृत्त होऊन तो खानापूरकडच्या आपल्या गावी शेती बघत होता. भत्त्याच्या यादीत ही चूक कोणाचं नुकसान करत नव्हती, म्हणून पहिल्या दिवशी कोणाला घाई वाटली नव्हती. ही फाइल हातात आल्यावर मला ती घाई वाटू लागली.

ग्रॅच्युइटीच्या शीटमध्ये आम्ही दोन पायऱ्या केल्या. E रकान्यात कामाचा शेवटचा दिवस. आधी D रकान्यात पूर्ण वर्षं, मग तुकड्याची तपासणी:

```
D2: =DATEDIF(C2,E2+1,"Y")
F2: =D2+(EDATE(C2,12*D2+6)<E2+1)
```

शेवटच्या दिवसात एक मिळवला आहे तो मुद्दाम. यादीची तारीख आणि शेवटचा कामाचा दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1 जून 2018 ला लागून 31 मे 2023 पर्यंत काम केलेल्या माणसाने पहिला दिवसही भरला आणि शेवटचाही. त्याची पाच वर्षं पूर्ण झाली. पण नुसतं DATEDIF 31 मे घेऊन 4 सांगतं, कारण त्याच्या हिशेबात 1 जून उजाडायचा असतो. मोठ्या सेवाकालात ही एका दिवसाची चूक सहा महिन्यांच्या नियमात बुजून जाते. पाच वर्षांच्या अटीवर मात्र ती त्या माणसाची सगळी ग्रॅच्युइटी नाकारायला कारण देऊ शकते. आधीच्या एका वर्षाची चूक काढताना ही दुसरी चूक सहज आत शिरली असती.

पैशांचं काय करायचं

सूत्र दुरुस्त व्हायला एक दुपार लागली. पुढचे निर्णय व्हायला जून उजाडला.

फेटलिंगवाल्याच्या बाबतीत चर्चेला जागा नव्हती. कायद्याने ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर सरळ व्याज लागतं, आणि अधिसूचित दर तेव्हा 10 टक्के होता. 1 नोव्हेंबर 2022 पासून 30 जून 2023 पर्यंत आठ महिन्यांचं 10,500 वरचं व्याज 700 रुपये. 11,200 चा चेक आणि सोबत हिशेबाचा कागद मॅडमनी त्याच्या घरी पाठवला. कागद मराठीत लिहिला होता, दोन्ही तारखा, दोन्ही उत्तरं आणि फरकाचं कारण यांसह.

स्टोअरमधल्या माणसाचे 9,750 परत मागायचे का, यावर मालक दोन दिवस विचार करत होते. मी त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2014 च्या रफीक मसीह निकालाबद्दल सांगितलं. कर्मचाऱ्याची फसवणूक नसताना, मालकाच्याच चुकीने जास्त गेलेले पैसे निवृत्त माणसाकडून आणि खालच्या श्रेणीच्या कर्मचाऱ्याकडून वसूल करणं त्या निकालात अनुचित ठरवलं आहे. निकाल सरकारी नोकरीबद्दलचा आहे, खासगी कारखान्याला तो जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणालो नाही. पण त्यामागचा विचार इथंही तोच होता: त्याने पैसे मागितले नव्हते, हिशेब आपण केला होता, आणि त्याचा पगार बंद झाला होता. मालकांनी रक्कम सोडली.

भत्त्याचा प्रश्न जास्त नाजूक होता. पाच जणांना एप्रिलपासून वरचा टप्पा मिळत होता. नोव्हेंबरवाल्याला महिना 300 ऐवजी 700. जास्त गेलेला पगार पुढच्या पगारातून समायोजित करायला तेव्हाचा वेतन अदा कायदा परवानगी देत होता, त्यामुळे कापणं शक्य होतं. संघटनेच्या पुढाऱ्याने मात्र स्पष्ट सांगितलं: “शेठ, पत्र तुमी दिलंय. दहा वर्षं पुरी झाली म्हणून अभिनंदनाचं पत्र हाय त्याच्या घरात. आता कापलंसा तर तो घरात काय सांगणार?”

पत्राची गोष्ट खरी होती. टप्पा बदलला की कारखाना सहीशिक्क्याचं पत्र देतो.

तीन वाटा होत्या. कापून घ्यायचं आणि टप्पा मागे घ्यायचा. किंवा मागचं सोडायचं पण भत्ता तात्पुरता खाली आणायचा. किंवा त्या पाच जणांचं आहे तसं चालू ठेवायचं. तिसरी वाट सगळ्यात सोपी वाटते, पण तिच्यात एक खाच आहे. पुढच्या वर्षी 1 एप्रिल 2024 ला, 2014 च्या एप्रिलनंतर लागलेल्यांना बरोबर सूत्राने दहा वर्षं मिळणार नाहीत. ते म्हणणार, गेल्या वर्षीच्यांना दिलं ते आम्हाला का नाही. 2025 च्या यादीपर्यंत त्यांना थांबवणं म्हणजे एकाच खात्यात दोन नियम.

या अडचणीनेच मूळ करारातली उणीव पुढे आणली. वर्षातून एकच यादी असल्याने, 2 एप्रिलला दहा वर्षं पूर्ण होणाऱ्याला जवळजवळ वर्षभर वाट पाहावी लागत होती. बरोबर सूत्राने ही वाट पाहणं पहिल्यांदा उघडं पडलं. म्हणून बैठकीत असं ठरलं की यादीच काढून टाकायची. 1 जुलै 2023 पासून, ज्या महिन्यात टप्प्याची वर्षं पूर्ण होतील त्याच्या पुढच्या महिन्यापासून भत्ता. पाच जणांचा भत्ता चालू ठेवायचा, कोणाकडूनही काही कापायचं नाही. 2022 च्या चौघांची वर्षं तोवर खरोखरच पूर्ण झाली होती, त्यांचं मागचंही सोडायचं.

नोव्हेंबरवाल्याला एप्रिल ते नोव्हेंबर असे आठ महिने चारशेप्रमाणे 3,200 रुपये जास्त गेले. मालकांनी ते मान्य केलं, कारण नव्या नियमात पुढच्या सगळ्यांना कमी थांबावं लागणार होतं आणि संघटनेने 2014 च्या लोकांच्या वतीने मागच्या वर्षाचा दाखला देणार नाही असं लिहून दिलं. पत्राबद्दल त्या माणसाशी मालक स्वतः बोलले. जुनं पत्र परत मागितलं नाही. 18 नोव्हेंबरची खरी तारीख असलेलं दुसरं पत्र त्याला त्या महिन्यात दिलं.

तारखाच खऱ्या आहेत का

इथं एक गोष्ट पुढे आली, जिची मला आधीपासून धास्ती होती. जुनं सूत्र फक्त साल वापरत होतं. त्यामुळे C रकान्यातला दिवस आणि महिना बरोबर आहे की नाही याची कित्येक वर्षं कोणाला गरजच पडली नव्हती. नव्या सूत्राचा सगळा भार त्या दोन गोष्टींवर होता.

नऊ जणांच्या पुढे 01/01 होतं. 1 जानेवारीला, तेही वेगवेगळ्या सालात, नऊ जण कसे लागतील? जुन्या कारकुनाने रजिस्टरवरून फक्त साल घेऊन तारीख भरली होती. अशा ओळीत नवं सूत्र काहीच तक्रार करत नाही, कारण 1 जानेवारी नेहमीच येऊन गेलेली असते. शिवाय दोन ठिकाणी दिवस आणि महिना उलटे झाले होते. कॉम्प्युटरची तारीख अमेरिकी पद्धतीवर असताना 05/11 लिहिलं की ते 11 मे होतं. साल तेच राहतं, म्हणून जुन्या सूत्राला पत्ता लागत नव्हता.

मग माळ्यावरची मस्टरं उतरवली. आधीचे कारकून ती मराठीत लिहायचे, शाई फिकट झाली होती, पण कोणत्या महिन्यात कोणाची पहिली हजेरी लागली ते वाचता येत होतं. त्याला पीएफच्या सेवा नोंदी आणि ईएसआयचे नोंदणी अर्ज ताडून पाहिले. तिन्ही जुळले नाहीत तर मस्टर धरायचं ठरलं. एकाची पीएफमधली तारीख 1 ऑक्टोबर 2010 होती, पण मस्टरमध्ये त्याची हजेरी 21 जूनपासून होती. फंड उशिरा सुरू झाला म्हणून नोकरी उशिरा सुरू होत नाही. अप्रेंटिस म्हणून काढलेले महिने मात्र ग्रॅच्युइटीत धरले नाहीत, कारण त्या कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत अप्रेंटिस येत नव्हता. मस्टरमध्ये अप्रेंटिसांची पानं वेगळी होती, हे नशीब.

नऊपैकी सहा तारखा पक्क्या झाल्या. तिघांच्या सापडल्या नाहीत. त्यांची 1 जानेवारी तशीच ठेवली, कारण ती कामगाराच्या बाजूची आहे, आणि ओळीला पिवळा रंग देऊन शेजारी ‘पुरावा नाही’ असं लिहिलं.

परिणाम

शीटच्या खाली आता आठ चाचणीच्या ओळी आहेत. नेमणुकीच्या तारखेच्या आदला दिवस, तोच दिवस, नंतरचा दिवस, 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीची जोडी, 29 फेब्रुवारी, 1 जून ते 31 मे, आणि नेमके सहा महिने भरणारी एक. अपेक्षित उत्तर शेजारी लिहिलेलं आहे. जुळलं नाही तर कप्पा लाल होतो. हजेरीच्या सॉफ्टवेअरमधला सेवाकालाचा अहवाल मालकांनी वापरायचा बंद केला. बसवणाऱ्याने नंतर क्वेरी दुरुस्त केली, तरी आकडा शीटमधूनच घेतात.

जानेवारी 2024 मध्ये कर्नाटक सरकारने ग्रॅच्युइटी विमा सक्तीचा करणारे नियम काढले. विम्यासाठी प्रत्येक कामगाराची नेमणुकीची तारीख आणि पगार द्यावा लागतो. त्या वेळी मस्टरं पुन्हा उतरवावी लागली नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते क्रम चुकला. भत्त्याच्या यादीत चूक दिसल्यावर आठवडाभर भत्त्यावरच बोलणं चाललं, कारण समोर उभी माणसं त्याच्याशी संबंधित होती. त्याच सूत्राची दुसरी जागा कुठं आहे हे पहिल्याच दिवशी शोधायला हवं होतं. ज्याचं खरं नुकसान झालं होतं तो माणूस कारखान्यात नव्हताच. एक्सेलमध्ये सगळ्या शीटवर `YEAR(` शोधायला मिनिटभर लागतं, आणि ग्रॅच्युइटीची शीट तिथंच सापडली असती.

दुसरं म्हणजे तारखा पक्क्या होण्याआधी दुरुस्त यादी संघटनेला दाखवली गेली. मस्टर पाहिल्यावर त्यातल्या एकाचा महिना बदलला आणि त्याला पुन्हा बोलावून सांगावं लागलं. आधी मस्टर, मग सूत्र, मग यादी असं व्हायला हवं होतं.

आणि करार 1 एप्रिलला नेताना, सहीच्या बैठकीत, कोणीतरी नोव्हेंबरात लागलेल्या एका माणसाचं नाव घेऊन नव्या तारखेला त्याची वर्षं कागदावर मोजली असती, तर 2022 ची यादीच बरोबर निघाली असती. आता करारात तारखेला हात लागला की अशा तीन ओळी मसुद्याला जोडायच्या असं त्या कारखान्यात ठरलं आहे: एक जानेवारीतला माणूस, एक नोव्हेंबरातला, आणि एक नेमक्या त्या तारखेचा.